पावसात अडकलेल्यांना ऑफिसने काय विचारावं?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सकाळी लोक नेहमीसारखे कामावर गेले होते. दुपारी पावसाने जोर धरला तसा अनेक ऑफिसांनी आपल्या माणसांना घरी सोडलं, आणि नेमकी तेव्हाच लोकल थांबत होती, रस्ते तुंबत होते. काही जण पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्येच गेले. मोबाइलचं जाळं कोलमडल्याने कोण कुठे आहे हे ऑफिसलाही कळेना आणि घरच्यांनाही. म्हणून ‘घरी जा’ ही सूचना नेहमी सुरक्षित असते असं समजू नये. भरती असेल तर मुंबईच्या नाल्यांतलं पाणी समुद्रात जात नाही, उलट तुंबतं. लोकांना सोडण्याआधी भरतीची वेळ पाहायलाच हवी.

आज असा मेसेज बहुतेक वेळा ऑफिसच्या ग्रुपवर येतो: ‘पाऊस खूप आहे, सर्वांनी काळजी घ्या, सेफ आहात का कळवा.’ पाच मिनिटांत त्याखाली अंगठे, नमस्कार आणि तुंबलेल्या रस्त्यांचे व्हिडिओ जमतात, आणि कुर्ल्याला पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचं ‘अडकलोय’ त्यात बुडून जातं. शिवाय कामावर यायचं की नाही, हे त्या मेसेजमध्ये नसतंच.

समजा, अंधेरीतलं चाळीस माणसांचं ऑफिस आहे. हवामान खात्याचा रेड अलर्ट आहे. मेसेज असा हवा:

‘सकाळी ७.१५. आज ऑफिस बंद, पगार कापला जाणार नाही. घरी असाल तर घरीच थांबा. वाटेत असाल तर पुढे येऊ नका. गाड्या सुरू असतील तरच परत फिरा, नाहीतर सुरक्षित जागी थांबा. ऑफिसात असाल तर आतच थांबा, जेवणाची सोय आहे. उत्तर आकड्यात द्या: १ सुरक्षित, २ वाटेत, ३ मदत हवी. २ किंवा ३ असेल तर ठिकाण लिहा. पुढचा मेसेज ९.३० ला.’

वर वेळ लिहिली आहे कारण असे मेसेज फॉरवर्ड होत राहतात आणि दुपारी कुणीतरी सकाळची सूचना पाळतो. आकडा मागितला आहे कारण छत्री सांभाळत, बॅटरी संपत आलेल्या फोनवर वाक्य लिहिणं अवघड जातं. पगाराचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खाडा पडेल या भीतीनेच माणसं गुडघाभर पाण्यात उतरतात.

उत्तरं ग्रुपवर न मागवता एकाच माणसाच्या नंबरवर मागवावीत आणि त्याने यादीवर खुणा करत जावं. आठ वाजेपर्यंत समजा एकतीस जणांनी १ कळवलं, चौघांनी २, एकाने ३. पहिला फोन अर्थातच ३ वाल्याला. मग उरलेल्या चौघांना, ज्यांचं उत्तरच नाही. दोन टिका दिसल्या म्हणजे मेसेज फोनपर्यंत पोचला, माणूस सुखरूप आहे असं नव्हे. एकच टिक असेल तर फोन बंद आहे किंवा नेट नाही. अशांच्या घरच्या नंबरवर, तिथेही लागला नाही तर जवळ राहणाऱ्या सहकाऱ्याला विचारावं.

नेट गेलं तर साधा एसएमएस उरतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. तेव्हा इतकंच पुरे: ‘आज ऑफिस बंद. घरीच थांबा. उत्तर: १ सुरक्षित २ वाटेत ३ मदत’.

सव्वासातचा मेसेजही काहींसाठी उशिराचा असतो. कसारा, कर्जत किंवा विरारहून येणारी सफाईची बाई, पँट्रीतला मुलगा पहाटेच गाडीत बसलेला असतो. इशारा आदल्या दिवशी आला असेल तर निर्णय आदल्या रात्रीच कळवावा. आणि हीच माणसं बहुधा ठेकेदाराची असल्याने ऑफिसच्या यादीत नसतात. त्यांना कुणी विचारतच नाही.

संपाचं तसं नसतं. २०१९ च्या जानेवारीत बेस्टचा संप नऊ दिवस चालला. अशा वेळी जिवाची चौकशी कमी आणि ‘कसे येणार, किती उशीर होईल, घरून काम जमेल का’ हे जास्त विचारायचं असतं. रिक्षाचे पैसे ऑफिस देणार का, तेही स्पष्ट लिहावं.

पाऊस सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऑफिसातल्या प्रत्येकाचा नंबर, घरच्या एकाचा नंबर आणि उतरण्याचं स्टेशन कागदावर लिहून घ्या. वॉचमन आणि सफाईवाल्या बाईंपासून सुरुवात करा.