किती मागवावे, केव्हा मागवावे?

एका कारखान्याला वर्षाला ३,६०० बेअरिंग लागतात. प्रत्येक ऑर्डरचा खर्च २०० रुपये; एक नग वर्षभर साठवण्याचा, अडकलेल्या भांडवलाच्या व्याजासह, १६ रुपये. किफायतशीर ऑर्डर काढण्यासाठी वार्षिक मागणी आणि ऑर्डरखर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी: १४,४०,०००. तिला १६ने भागल्यास ९०,०००. त्याचे वर्गमूळ ३०० नग. म्हणजे वर्षाला १२ ऑर्डरी, खर्च २,४०० रुपये. सरासरी साठा १५० नगांचा, त्याचाही खर्च २,४००. दोन्ही खर्च जुळले, की उत्तराचा ताळा पटला.

वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरल्यास रोज १२ नग लागतात. माल यायला कामाचे १० दिवस लागत असतील, तर साठा १२० नगांवर येताच ऑर्डर द्यावी. पुरवठादार तीन दिवस उशीर करत असेल, तर ही पातळी १५६ ठेवावी. मागणी हंगामी असेल, तर मात्र हे सूत्र फसते.