स्वस्त माल, महाग पिन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. एका पिनेसाठी 2 किलो सळई, भाव 70 रुपये किलो. काम 15 मिनिटं, मजुरी तासाला 100 रुपये. हे ठरवलेलं माप म्हणजे स्टँडर्ड.

महिन्यात 1,000 चांगल्या पिना निघाल्या. सळई 67 रुपयांनी मिळाली, पण 2,000 ऐवजी 2,150 किलो लागली. भावात 2,150 गुणिले 3, म्हणजे 6,450 रुपये वाचले. जादा 150 किलोचे, ठरलेल्या 70 च्या दराने, 10,500 गेले. म्हणजे मालावर 4,050 रुपयांचा तोटा.

मजुरीचा दर तोच राहिला, पण 250 ऐवजी 280 तास लागले. आणखी 3,000 गेले. एकूण फटका 7,050 रुपयांचा.

आता खरेदीवाल्याला शाबासकी आणि कामगाराला बोलणी, असं होतं. पण सळई कमी-जास्त कडक असेल, तर टूल लवकर झिजतं, पिना रिजेक्ट होतात, वेळही जातो. म्हणून जॉब कार्डावर सळईचा लॉट लिहावा. रिजेक्शन एकाच लॉटमध्ये असेल तर दोष मालाचा. सगळ्या लॉटमध्ये असेल तर मशीन, सेटिंग किंवा जुनं झालेलं स्टँडर्डच तपासायला हवं.