नव्वद दिवसांचं बिल आज वटवताना

महिन्याची पाच तारीख उलटली, की लहान वर्कशॉपच्या मालकाचं लक्ष मशीनवर कमी आणि मोबाइलवर जास्त असतं. सात तारखेला पगार द्यायचे असतात, वीस तारखेच्या आत जीएसटी भरायचा असतो. स्टीलचे बार देणारा व्यापारी पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही. ज्या कंपनीला माल गेला, तिचे पैसे मात्र नव्वद दिवसांनी येणार असतात. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अशा कारखान्यांचे हिशेब मी रोज पाहतो. धंदा नफ्यात आहे आणि खात्यात पैसा नाही, ही तिथली नेहमीची अवस्था.

एक बिल समोर धरू. सीएनसीवर फिरवलेल्या पिनांचा माल १० लाखांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी १ लाख ८० हजार, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचं. त्यात मालकाचा खरा नफा ८० हजार. जीएसटीचे १ लाख ८० हजार त्याचे नाहीत, पण ते त्याच्याच खिशातून आधी जातात. काही स्टील घेताना व्यापाऱ्याला, उरलेले सरकारला. दर महिन्याला असं एक बिल निघालं, तर कोणत्याही दिवशी तीन बिलं, म्हणजे ३५ लाखांहून जास्त रक्कम कंपनीकडे अडकलेली असते. आणि नव्वद दिवस मोजायचे ते माल गेल्यापासून नव्हे. माल तपासून कंपनीने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद केली, की तिथून.

यावरचा उपाय जुनाच आहे. आपल्या पेठांमध्ये मुदती हुंडी चालायची. मुदत भरायच्या आत पैसे हवे असतील, तर ती सराफाकडे वटवायची. सराफ उरलेल्या दिवसांचं व्याज कापून बाकीची रक्कम हातावर ठेवायचा, त्या कापलेल्या रकमेला वटाव म्हणत. बिल डिस्काउंटिंग म्हणजे हेच. सराफाच्या जागी बँक किंवा फायनान्स कंपनी आली, एवढाच फरक.

वटावाचं गणित सोपं आहे. कंपनीने बिल मान्य केलं तेव्हा दहा दिवस गेलेले आहेत आणि ८० दिवस उरलेत, असं धरू. वार्षिक ९ टक्के दराने ११ लाख ८० हजारांवर ८० दिवसांचा वटाव सुमारे २३,३०० रुपये होतो. १२ टक्के दराने तो ३१,००० होतो. बाजारात महिन्याला दोन टक्क्यांनी पैसे उचलले, तर त्याच दिवसांचे ६२,००० जातात आणि ८० हजारांच्या नफ्यातले १८ हजार उरतात. प्लॅटफॉर्मचं किंवा बँकेचं शुल्क यात धरलेलं नाही. ते वेगळं विचारून घ्यावं. वटाव आधीच कापला जातो, म्हणून खरा दर सांगितलेल्या दरापेक्षा थोडा जास्त पडतो. ९ टक्के सांगितले, तर इथे तो ९.१८ च्या आसपास येतो.

दर सगळेच विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न फार थोडे जण विचारतात: मुदतीच्या दिवशी कंपनीने पैसे दिले नाहीत, तर कोणाच्या गळ्याला फास?

बँकेच्या नेहमीच्या बिल डिस्काउंटिंगमध्ये बहुतेक वेळा तो तुमच्याच गळ्याला बसतो. करारात ‘विथ रिकोर्स’ असे शब्द असतात. त्याचा अर्थ असा, की बँकेने बिल विकत घेतलेलं नाही, बिलाच्या आधारावर तुम्हाला पैसे दिले आहेत. कंपनीचे पैसे वेळेवर आले नाहीत, तर बँक ओव्हरड्यू व्याज लावते आणि मग तुमच्या सीसी खात्याला ती रक्कम नावे टाकते. एका वर्कशॉपचं खातं मी पाहिलं आहे. कंपनीने पिनांच्या एका लॉटमधल्या काही नगांचा व्यास जास्त निघाला म्हणून ते नाकारले आणि ४० हजारांची डेबिट नोट काढली, जीएसटीसह ४७,२००. मुदतीला बँकेकडे तेवढे पैसे कमी आले. नेमक्या पगाराच्या आदल्या दिवशी बँकेने ती तूट मालकाच्या खात्यातून घेतली आणि पगाराचे चेक अडले. मालकाला रिजेक्शन माहीत होतं, डेबिट नोटही माहीत होती. फक्त वटवलेल्या बिलाशी तिचा संबंध त्याने जोडला नव्हता.

म्हणून बिल वटवायचं ते जीआरएन पडल्यावर आणि तपासणी पूर्ण झाल्यावर. आधी घाई केली, तर वाचलेले चार दिवस पुढे महागात पडतात.

दुसरा मार्ग ट्रेड्सचा. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरमध्ये याचे नियम काढले आणि २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे प्लॅटफॉर्म सुरू झाले. तुमच्याकडे उद्यम नोंदणी हवी, आणि ज्या कंपनीला माल दिला ती कंपनीही त्याच प्लॅटफॉर्मवर हवी. तुम्ही बिल चढवता, कंपनी ते तिथे मान्य करते. त्यानंतर बँका आणि फायनान्स कंपन्या त्या बिलासाठी दर सांगतात. तुम्ही त्यातला परवडणारा दर निवडता आणि साधारण एक-दोन दिवसांत पैसे खात्यात येतात. मुदतीच्या दिवशी रक्कम थेट कंपनीच्या खात्यातून वळती होते.

इथे मुख्य फरक असा, की हा व्यवहार ‘विदाउट रिकोर्स’ असतो. कंपनीने पैसे बुडवले, तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही, अर्थात बिल खरं असेल तर. कंपनीने एकदा बिल मान्य केलं, की मालाबद्दलची तक्रार पुढे करून ती त्या बिलाचे पैसे अडवू शकत नाही. डेबिट नोटचा वाद तुमच्यात आणि कंपनीत बाहेर मिटवायचा. दरही कमी मिळतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बँक इथे तुमचा ताळेबंद बघत नाही, कंपनीची पत बघते. तुमच्या दहा बाय वीसच्या शेडला १२ टक्क्यांनी पैसे देणारी बँक मोठ्या कंपनीच्या सहीवर ८-९ टक्क्यांनीही देते. तारणही मागत नाही.

मग सगळे ट्रेड्सवर का जात नाहीत? कारण किल्ली कंपनीच्या हातात आहे. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी करण्यासाठी ३१ मार्च २०२५ ची मुदत दिलेली होती. पण नोंदणी झाली म्हणजे कंपनी तुमचं प्रत्येक बिल तिथे मान्य करते, असं नाही. एकदा मान्य केलं, की त्या तारखेला पैसे गेलेच पाहिजेत. ‘पुढच्या सोमवारी बघू’ ही सोय संपते, आणि अनेक अकाउंट्स विभागांना ती सोडवत नाही. शिवाय तुमचा थेट ग्राहक मोठी कंपनी नसून तिचा मधला पुरवठादार असेल, तर तो मुळात ट्रेड्सवर नसण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी अडचण तुमच्या स्वतःच्या बँकेची. सीसी घेताना तुम्ही सगळी येणी त्या बँकेकडे तारण दिलेली असतात. ती दुसरीकडे वटवायची, तर त्या बँकेची ना-हरकत लागते. आणि एकदा वटवलेलं बिल दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधल्या येण्यांच्या यादीतून वगळलंच पाहिजे. एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे घेतले गेले, तर बँकेच्या लेखी ती फसवणूक ठरते. मालकाचा हेतू तसा नसतो. बहुतेक वेळा स्टेटमेंट भरणाऱ्या मुलाला बिल वटवल्याचं कोणी सांगितलेलंच नसतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हेही सांगायला हवं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला, तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होतं. म्हणजे नव्वद दिवसांची अट मुळात कायद्यात बसत नाही. पण त्या व्याजाची नोटीस काढणारा पुरवठादार मला क्वचितच दिसतो, कारण नोटिसीनंतर ऑर्डर थांबते. वटावाचा सगळा व्यवहार या भीतीच्या पोटी उभा आहे. जो खर्च कंपनीने सोसायला हवा, तो लहान माणूस सोसतो, हे माझं स्पष्ट मत आहे. वटावाचा खर्च कंपनीने उचलायचा की तुम्ही, हे ट्रेड्सवर ठरवता येतं, तेव्हा निदान तो प्रश्न पर्चेसच्या माणसाला विचारायला तरी हवा.

आता एक गोष्ट, जी वटवायला सुरुवात करण्याआधी कळायला हवी. आपल्या उदाहरणातला मालक एप्रिलपासून प्रत्येक बिल वटवू लागला. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत त्याच्याकडे जुन्या बिलाचे मुदत भरून येणारे पैसेही येतात आणि नव्या बिलाचे वटवलेलेही. दर महिन्याला जवळजवळ दुप्पट. धंदा अचानक बहरल्यासारखा वाटतो. जुलैपासून जुनी बिलं संपतात आणि महिन्याला पुन्हा एकाच बिलाचे पैसे येतात, तेही वटाव वजा होऊन. पैसे पुढे सरकतात, पण ते एकदाच सरकतात. त्या तीन महिन्यांच्या जास्तीच्या पैशातून कोणी नव्या मशीनचं डाउन पेमेंट केलं, की तो अडकला. आता वटवणं थांबवायचं ठरवलं, तर पुढचे तीन महिने खात्यात एक रुपया येणार नाही. म्हणून मग थांबताच येत नाही. त्या पैशांनी आधी स्टीलवाल्याची थकबाकी मिटवावी आणि रोखीचा भाव मागावा. रोखीला तो टनामागे भाव कमी करतो, आणि ती बचत वटावाच्या जवळपास गेली, तर वटवण्याला अर्थ आहे. महागडं खासगी कर्ज असेल, तर ते सगळ्यांत आधी फेडावं.

कंपनीची तब्येत बिघडते आहे, हे आधी कळतं ते तुमच्याच खातेवहीतून. गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक बिलासमोर जीआरएनची तारीख आणि पैसे आल्याची तारीख लिहून मधले दिवस मोजा. ९२, ९५, ९४ असे आकडे १०५, ११२ असे चढू लागले, तर त्या कंपनीची बिलं विथ रिकोर्स वटवणं थांबवा. बँकेला हे कळायला वेळ लागतो, तुम्हाला महिनाभर आधी कळतं.

आणि पुढचं कोटेशन देण्याआधी हा एक आकडा कागदावर लिहून घ्या. ९ टक्के दर आणि ९० दिवसांची मुदत धरली, तर १०० रुपयांच्या मालावर, जीएसटीसकट ११८ रुपये अडकतात म्हणून, वटाव २ रुपये ६२ पैसे पडतो. तो भावात धरलेला नसेल, तर तो तुमच्या नफ्यातून जातो.