फी शून्य, पण जर्मन सी-१

बारावीनंतर परदेशाचा विचार करणाऱ्या घरात हल्ली दोन कागद शेजारीशेजारी ठेवलेले असतात. एकावर जर्मनीतलं सरकारी विद्यापीठ, फी शून्य. दुसऱ्यावर बर्लिनमधलं खासगी विद्यापीठ, शिकवणं इंग्रजीत, फी वर्षाला १२ हजार युरोच्या घरात. पहिला कागद खोटा नाही. २०१४ पर्यंत जर्मनीतल्या सगळ्या राज्यांनी सरकारी विद्यापीठांतली सर्वसाधारण फी काढून टाकली. पुढे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी लावली, आणि २०२४ पासून म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही अशा नव्या विद्यार्थ्यांकडून फी घेतं. बाकी बहुतेक ठिकाणी सहामाहीला शे-तीनशे युरोंचं शुल्क भरलं की झालं, आणि त्यात बरेचदा बस-रेल्वेचा पासही येतो.

आता हिशोब करू. समजा, नाशिकच्या एका मुलीने बीएस्सीचं पहिलं वर्ष पूर्ण केलं आहे. एवढ्यावर तिला साधारणपणे त्याच शाखेच्या पदवीला थेट अर्ज करता येतो. नुसत्या बारावीवर सहसा करता येत नाही. आधी ‘श्टूडिएनकोलेग’ नावाचं तयारीचं वर्ष करावं लागतं. राहण्याखाण्याचा खर्च दोन्ही वाटांवर सारखाच, कारण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला, तर हे वर्षाला सुमारे १२ लाख. खासगी विद्यापीठाची तीन वर्षांची फी ३६ लाख, सरकारीतलं शुल्क दीड लाखाच्या आसपास. फरक साडेचौतीस लाखांचा.

हा फरक पदरात पाडून घ्यायचा तर जर्मन यायला हवं, आणि पाटी वाचण्यापुरतं येऊन भागत नाही. जर्मनमधून शिकवल्या जाणाऱ्या पदवीला बहुतेक ठिकाणी ‘टेस्टडाफ’च्या चारही भागांत चौथी श्रेणी किंवा ‘डीएसएच-२’ लागते. ही पातळी साधारण सी-१ची. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्समुल्लर भवनच्या, अंदाजाने तिथवर पोचायला पाऊण तासाच्या ८०० ते १,००० तासिका लागतात. रोज चार तासिका धरल्या, तरी पूर्ण वर्ष गेलं. घरचा अभ्यास वेगळा.

मराठी मुलांना इथे थोडा हात मिळतो. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, आणि जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं तेव्हा इंग्रजी माणूस गोंधळतो, आपण नाही. पण सूर्य तिथे स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. ते पाठच करावं लागतं. खरी चढण बी-१ नंतर सुरू होते. तोवर क्लासमध्ये दुकानातले, स्टेशनवरचे संवाद असतात. डीएसएचमध्ये मात्र एक व्याख्यान ऐकवतात, विद्यार्थी टिपणं काढतो आणि त्यावरून उत्तरं लिहितो. बी-२चं प्रमाणपत्र हाती असलेली अनेक हुशार मुलं इथेच अडतात. आपली तयारी ओळखायची साधी खूण आहे: आपल्या विषयाचं जर्मन व्याख्यान वीस मिनिटं ऐकावं आणि टिपणांवरून दुसऱ्याला समजावून सांगून पाहावं.

ही तयारी कच्ची राहिली तर किंमत पुढे मोजावी लागते. गणितातला प्रश्न कळला नाही म्हणून पेपर जातो. बहुतेक विद्यापीठांत एका पेपरला ठरावीकच, बरेचदा तीन, संधी असतात. शेवटचीही हुकली, तर निकालावर ‘अंतिमतः अनुत्तीर्ण’ असा शेरा बसतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. तीन वर्षांची पदवी चार वर्षांवर गेली, तर आणखी १२ लाख. तरीही हिशोब सरकारी विद्यापीठाच्याच बाजूने राहतो, हे मी ठामपणे सांगेन. फक्त भाषेचं वर्ष घरीच, निघण्याआधी द्यायला हवं.

इंग्रजी कागद निवडला म्हणून जर्मन टळत नाही, ते फक्त पुढे ढकललं जातं. हॉटेलातलं अर्धवेळ काम, छोट्या कारखान्यातली इंटर्नशिप, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातली पत्रं, सगळं जर्मनमध्ये. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्यात शून्यातून भाषा शिकणं फार जड जातं. सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून, फीशिवाय होणारे मास्टर्स अभ्यासक्रम बरेच आहेत, पण त्या मुलांनाही शेवटी हाच दरवाजा लागतो.

म्हणून अर्ज करण्याआधी डीएएडीच्या यादीत अभ्यासक्रमाचं पान उघडा आणि शिकवण्याची भाषा, लागणारी पातळी आणि फी या तीन ओळी स्वतः वाचा. एजंटच्या कागदावर विसंबू नका.