पित्ताचं निमित्त

मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा होता. साताऱ्याजवळचं मंगल कार्यालय, मे महिना आणि सातशे-आठशे माणूस. माझी भाची नवरदेवाची वहिनी, म्हणजे त्या घरची मोठी सून. पहाटे साडेचारला उठून, नऊवारी नेसून, ती सकाळपासून उभीच होती. देवकाचं सामान, व्याह्यांचा चहा, आहेराच्या साड्या, सगळं तिच्याच अंगावर. तिला नववा आठवडा चालू होता आणि एवढ्या गर्दीत ते फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण त्या दिवशी मावशी म्हणून गेले होते. तरी नजर जायची तिथे गेलीच. स्वयंपाकघरातून अळूच्या भाजीच्या फोडणीचा वास आला की ती पदर नाकाशी धरून दाराकडे सरकायची. कुणीतरी हौसेनं तिच्या अंबाड्यावर माळलेला मोगऱ्याचा गजरा अर्ध्या तासात नणंदेच्या डोक्यावर गेला होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिसऱ्या 'सावधान'ला तिच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. ती मागच्या दारानं बाहेर पडली. कोठीघरामागे पाण्याच्या टाकीपाशी एक मोरी होती. तिथे कुणी येत नाही, हे तिनं आदल्या दिवशी सीमांतपूजनालाच हेरून ठेवलं होतं. सनई-चौघडा आणि टाळ्यांच्या आवाजात ओकारीचा आवाज बुडून जातो, हाही तिचा हिशेब होता.

परत आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय गं, चेहरा का उतरलाय?" ती म्हणाली, "काही नाही आई, पित्त झालंय."

आपल्याकडे हे निमित्त कुणालाही पटतं. जागरण, ऊन, उपाशीपोटी चहा, लग्नघरात पित्त व्हायला कारणं हवी तेवढी. पण पित्ताची मळमळ आणि दिवस गेल्यावरची मळमळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गरोदरपणात १० पैकी ७ ते ८ बायकांना कमीअधिक मळमळ होते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, तर ती साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्याला कळस गाठते आणि बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. म्हणजे बातमी लपवायचे दिवस आणि मळमळीचे सर्वांत वाईट दिवस नेमके तेच असतात. सकाळचा त्रास असं त्याला म्हणतात खरं, पण पुष्कळजणींना तो दिवसभर असतो.

याचं मूळ पोटात नाही. वाढत्या गर्भाकडून आणि वारेकडून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, ओकारी घडवणाऱ्या केंद्रावर काम करतं. मार्लेना फेजो, स्टीफन ओराहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ च्या डिसेंबरात हे संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातला महत्त्वाचा भाग असा की, जिच्या रक्तात हे संप्रेरक आधीपासून कमी असतं, तिला ते एकदम वाढल्यावर जास्त त्रास होतो. जिच्या रक्तात ते पूर्वीपासूनच भरपूर असतं, तिच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. फेजो यांनी स्वतः १९९९ मध्ये अशाच तीव्र ओकाऱ्यांमध्ये आपलं बाळ गमावलं होतं. तेव्हा 'हे मनाचे खेळ आहेत' किंवा 'हिला काम नको म्हणून' असं कुणी म्हणत असेल, तर ते साफ चूक आहे.

या दिवसांत वास फार सोसत नाहीत आणि पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते. लग्नघरात हे दोन्ही एकाच जागी भेटतात. अत्तर, उदबत्ती, लाजाहोमाचा धूर, तळणीचं तेल. आणि मुहूर्त लागेपर्यंत घरच्या माणसांच्या पोटात चहापलीकडे काही नाही. भाचीनं पहाटेपासून दोन कप चहा घेतला होता, तोही टिकला नव्हता.

ती हे का लपवत होती, ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी सातव्या आठवड्यात तिनं आनंदानं सगळ्यांना सांगितलं होतं, पेढे वाटले गेले होते. दहाव्या आठवड्यात गर्भ पडला. नंतर महिनाभर जो तो भेटायला यायचा आणि प्रत्येकजण काहीतरी कारण काढायचा. जिना चढलीस, पपई खाल्लीस, स्कूटर चालवलीस. खरं तर कळलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी १० ते २० अशा संपतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच, आणि त्यातल्या साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. पण हे ऐकून घ्यायला कुणी थांबलं नव्हतं. म्हणून या वेळी तिनं ठरवलं, तीन महिने होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. तिला दृष्टीची भीती नव्हती, त्या प्रश्नांची होती. तिचा निर्णय मला तेव्हाही पटला आणि आजही पटतो.

घोटाळा पुढे झाला. पित्त झालंय म्हटल्यावर पित्तावरचे उपाय धावून येणारच. एकीनं सोडा घातलेलं लिंबूपाणी आणलं, दुसरीनं ओवा चावायला दिला. आणि तिच्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, मायेनंच, कनवटीच्या डबीतून सूतशेखरच्या दोन गोळ्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. "घे गं, पित्तावर रामबाण आहे. घे माझ्यासमोर."

सूतशेखर आपल्याकडे घरोघरी असतं, पण ती जिऱ्या-धण्याची गोळी नव्हे. 'सूत' म्हणजे पारा. शुद्ध केलेला पारा, गंधक, बचनाग आणि धोत्र्याचं बी यांचा तो रसकल्प आहे. गरोदर बाईनं तो आपल्या मनानं कधीच घ्यायचा नाही. भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार, कारण दिलं तर बातमी फुटणार. तिनं गोळ्या तोंडाकडे नेल्या. मी हात धरला आणि म्हणाले, "आत्याबाई, राहू द्या. मी तिला आत्ताच एक गोळी दिलीय, दोन एकत्र नकोत." आत्याबाईंनी डबी मिटली. भाचीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

मी तिला वधूपक्षाच्या रिकाम्या खोलीत नेलं आणि चार प्रश्न विचारले. पाणी टिकतंय का? सकाळपासून घोटभरही नाही. लघवीला कधी गेलीस? पहाटे पाचला, रंग गडद पिवळा. आता दुपारचे साडेबारा वाजले होते. उभं राहिल्यावर अंधारी येते का? थोडी. वजन किती उतरलं? ५२ किलोवरून साडेपन्नास.

या उत्तरांचा अर्थ कुणालाही लावता येतो. दिवस राहण्यापूर्वीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, तर तो नुसता 'कडक डोहाळ्यां'चा प्रकार राहत नाही. तो आजार असतो आणि त्याला सलाईन लागू शकतं. तिच्या बाबतीत ही रेषा साधारण २ किलो ६०० ग्रॅमची होती, ती दीड किलोवर होती. पण आठ तास लघवी न होणं हा धोक्याचा इशारा आहे आणि ती साडेसात तासांवर पोचली होती. अंगातलं पाणी कमी होत चाललं होतं.

तिच्या नवऱ्याला औषधाच्या दुकानात पाठवून ओआरएसचं पाकीट मागवलं आणि ते एक लिटर पाण्यात कालवलं. ते गटागटा प्यायचं नाही. दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन चमचे, एवढंच. पोट ताणलं की पुन्हा उलटतं. अर्धा तास काही पडलं नाही, तेव्हा मूठभर कोरडे चुरमुरे दिले. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून पंगतीतला मसालेभात टाळून नंतर गार दहीभात चार घास. पावणेतीनला तिला लघवी झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. तोपर्यंत झाली नसती, तर मी तिला सरळ दवाखान्यात नेलं असतं, मग बातमी फुटली असती तरी चाललं असतं.

तिच्या पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पट्टी होती, न फोडलेली. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्वाची. "बाळाला काही होईल म्हणून घेतली नाही," ती म्हणाली. ही भीती उगाच आलेली नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं आणि जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. पण डॉक्सिलामिन-बी-६ ची गोष्ट वेगळी आहे. गरोदरपणात ज्या औषधांचा सर्वांत जास्त अभ्यास झाला त्यांपैकी हे एक, आणि त्यानं व्यंगं होतात असं आढळलेलं नाही. ही गोळी सावकाश काम करते, म्हणून रात्री घेतली की सकाळ सुसह्य होते. झोप येते, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि घ्यायची ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

विहिणींच्या पंगतीत ती बसली. जिलेबीचा आग्रह झाला, तेव्हा नवऱ्यानं तिच्या ताटातली जिलेबी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली आणि सगळे हसले. बातमी तीन आठवड्यांनी, सोनोग्राफी झाल्यावर, तिनं स्वतः सांगितली. डोहाळजेवण त्याच घरात झालं. मुलगी आता दोन वर्षांची आहे.

जिला सांगायचं नाही तिनं सांगू नये. पण लग्नाला जाण्यापूर्वी नवऱ्याखेरीज एका जाणत्या बाईला विश्वासात घ्यावं, पर्समध्ये ओआरएस आणि चुरमुरे ठेवावेत आणि पित्ताच्या नावाखाली कुणी दिलेली गोळी गिळू नये. दिवसभर पाणी टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही, ओकारीत रक्त दिसलं, ताप आला किंवा पोटात दुखलं, तर मुहूर्त बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

आणि लग्नघरातल्या थोरल्या बायकांना हात जोडून एक विनंती. एखादी नवी सून पदर नाकाशी धरून दाराकडे सरकताना दिसली, तर तिला विचारू नका आणि औषधही देऊ नका. खिडकीपाशी एक खुर्ची द्या आणि तिच्या हातातलं काम तुमच्या हातात घ्या.