रेझ्युमेतल्या खाटांचा हिशेब

रुग्णालय प्रशासकाच्या रेझ्युमेत तीन गोष्टी हमखास आढळतात: एनएबीएचचे काम, बिलिंग सिस्टीमचा अनुभव आणि बेड मॅनेजमेंट. ऑपरेशन्स मॅनेजरच्या जाहिरातीतही नेमके हेच शब्द असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक अर्ज जाहिरातीला जुळल्यासारखा दिसतो. उमेदवाराने प्रत्यक्षात काय केले, हे मात्र या तिन्ही दाव्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का हे पाहिल्यावरच कळते.

एनएबीएच हे भारतीय गुणवत्ता परिषदेचे मंडळ रुग्णालयांना मान्यता देते. ‘एनएबीएच मिळवून दिले’ एवढ्या वाक्यावरून फारसे काही समजत नाही. मान्यता एन्ट्री लेव्हलची होती की पूर्ण, हा पहिला प्रश्न. कारण दोन्हींच्या कामाचा आवाका खूप वेगळा आहे. दुसरा प्रश्न उमेदवाराच्या वाट्याचा. असेसर तपासणी करून त्रुटी नोंदवतात आणि त्या मुदतीत पुराव्यासह दूर कराव्या लागतात. ‘औषध व्यवस्थापनाच्या प्रकरणातील त्रुटींची जबाबदारी माझ्याकडे होती, धोकादायक औषधांची साठवण बदलली आणि सिस्टरांचे प्रशिक्षण घेतले’ असे लिहिणारा माणूस वॉर्डात उभा राहिलेला असतो. केवळ ‘एसओपी तयार केल्या’ असे लिहिणाऱ्याने कदाचित फक्त फायली भरलेल्या असतात. हा फरक पगाराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

बिलिंगच्या बाबतीत सॉफ्टवेअरच्या नावांची यादी सर्वांत कमी उपयोगाची. सॉफ्टवेअर काही आठवड्यांत शिकता येते. पाहायचे ते कॅशलेस क्लेमचे काम. टीपीएकडून येणाऱ्या क्वेरी किती आणि कशामुळे, किती रक्कम कापली जाते, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील क्लेम कागदपत्रांअभावी अडकतात का, याची उत्तरे रेझ्युमेत असली तर उमेदवाराला पैशाची वाट ठाऊक आहे असे समजावे.

या तिन्ही कामांची गाठ डिस्चार्जच्या वेळी पडते. सकाळच्या राउंडला डॉक्टर घरी जाण्याची परवानगी देतात. मग आरएमओ डिस्चार्ज समरी लिहितात, उरलेली औषधे फार्मसीत परत जातात, तपासण्यांचे चार्जेस चढतात, अंतिम बिल टीपीएकडे जाते आणि मंजुरीची वाट पाहिली जाते. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून विमा कंपनीने 3 तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. पण बिलच दुपारी 2 वाजता गेले, तर आधीचा उशीर रुग्णालयाचा स्वतःचाच असतो. म्हणून ‘डिस्चार्जचा वेळ 6 तासांवरून 4 तासांवर आणला’ या दाव्यात घड्याळ कुठून सुरू केले, हे विचारावे लागते. एनएबीएचच्या निर्देशकात ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रुग्ण वॉर्डातून बाहेर पडेपर्यंत चालते. बिल तयार झाल्यापासून मोजले तर आकडा आपोआप छान दिसतो.

आता एक नमुन्याचा दावा तपासून पाहू. समजा, 120 खाटांच्या रुग्णालयातील उमेदवार लिहितो: ‘खाटांचा वापर 75 वरून 85 टक्क्यांवर नेला आणि सरासरी मुक्काम 4.5 दिवसांवरून 4 दिवसांवर आणला.’ 30 दिवसांच्या महिन्यात 120 खाटांचे 3600 खाट-दिवस होतात. आधी त्यांपैकी 75 टक्के, म्हणजे 2700 दिवस वापरले गेले. प्रत्येकी साडेचार दिवस धरले तर 600 रुग्ण झाले. नंतरच्या 85 टक्क्यांचे 3060 दिवस होतात आणि प्रत्येकी 4 दिवस धरले तर 765 रुग्ण. म्हणजे महिन्याला 165 रुग्ण जास्त आले असले पाहिजेत. मुक्काम कमी झाला आणि रुग्ण तितकेच राहिले, तर वापर वाढण्याऐवजी घटून सुमारे 67 टक्क्यांवर येतो.

त्यामुळे हे जादा रुग्ण कुठून आले, हे रेझ्युमेत दिसायला हवे. नवा विभाग सुरू झाला, की पूर्वी खाट नसल्यामुळे कॅज्युअल्टीतून परत जाणारे रुग्ण आता दाखल होऊ लागले? दुसरे कारण असेल तर उमेदवाराने डिस्चार्ज लवकर करून खाटा मोकळ्या केल्या असण्याची शक्यता आहे, आणि त्याच महिन्यांतील डिस्चार्जच्या वेळेचे व बिल पाठवण्याच्या वेळेचे आकडे त्याला दुजोरा देतील. पहिले कारण असेल तर श्रेय बहुतेक नव्या डॉक्टरांचे.

मुक्कामाच्या सरासरीत आणखी एक खाचखळगा आहे. मोतीबिंदू किंवा केमोथेरपीचे एका दिवसात घरी जाणारे रुग्ण दाखल रुग्णांत मोजायला सुरुवात केली, की कोणाचीही खाट अर्धा तास लवकर रिकामी न होता सरासरी खाली येते. म्हणून मुलाखतीत डे-केअरचे रुग्ण वगळून आकडा मागावा. ज्याने तो अहवाल दर महिन्याला स्वतः काढला आहे, त्याला हा फरक कुठे पडतो हे लगेच सांगता येते.