बातमी एक, वाचणारे तीन

पुण्यातल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयाची कल्पना करा. लक्ष्मी रोडवरची जुनी जागा सोडून कर्वेनगरला जायचं ठरलं आहे. सामान शनिवारी, 13 जून 2026 रोजी हलणार आणि सोमवारी, 15 जूनला सकाळी 10 वाजता नव्या जागेत काम सुरू होणार. आता हे कर्मचाऱ्यांना, अशिलांना आणि संकेतस्थळावर येणाऱ्या कुणालाही कळवायचं आहे. बहुतेक ठिकाणी काय होतं? परिपत्रक तयार होतं, तेच ईमेलमध्ये चिकटवलं जातं आणि त्याचाच फोटो संकेतस्थळावर चढतो. मग दिवसभर फोन वाजत राहतात.

याचं कारण केवळ भाषा नाही. तिघांच्या मनातला प्रश्नच वेगळा असतो. कर्मचारी विचारतो, मी काय करायचं? अशील विचारतो, माझं काम अडणार का? आणि संकेतस्थळावर आलेल्या अनोळखी माणसाला एवढंच हवं असतं की आज कुठे जायचं. म्हणून लिहायला बसण्याआधी तारीख, वेळ, पत्ता आणि कुणाला विचारायचं एवढ्या गोष्टी एका कागदावर पक्क्या कराव्यात. त्या तिन्हीकडे अक्षरशः सारख्या राहतात. बाकी सगळं बदलतं.

परिपत्रकात आज्ञा असते आणि ती असायलाच हवी. पण "सर्वांनी सहकार्य करावे" ही आज्ञा नव्हे, कारण त्यातून नेमकं काम कळत नाही. असं लिहावं:

"विषय: कार्यालयाचे स्थलांतर. प्रत्येकाने आपल्या टेबलावरील फाइली शुक्रवार, 12 जून रोजी सायंकाळी 5 पर्यंत खोक्यात भरून खोक्यावर आपले नाव लिहावे. शनिवारी सर्वांनी सकाळी 9 वाजता जुन्या जागेत हजर राहावे. त्याबद्दल बदली सुट्टी दिली जाईल. जुन्या जागेच्या किल्ल्या कार्यालय प्रमुखांकडे द्याव्यात."

बदली सुट्टीचं वाक्य गाळलं, तर परिपत्रक फिरल्यावर पहिली कुजबुज त्याचीच होईल.

अशिलाला मात्र खोकी आणि किल्ल्या यांच्याशी देणंघेणं नाही. त्याला आठवतं ते एवढंच, की 15 जून हा आगाऊ कराच्या पहिल्या हप्त्याचा शेवटचा दिवस आणि हे लोक नेमके त्याच दिवशी नव्या जागेत बसणार! ही धास्ती पहिल्या दोन वाक्यांत उतरली पाहिजे. विषयाच्या ओळीत "महत्त्वाची सूचना" लिहून काही कळत नाही. तिथे "15 जूनपासून आमचे कार्यालय कर्वेनगरला" असं लिहावं. मजकूर असा:

"नमस्कार. सोमवार, 15 जूनपासून आमचे कार्यालय कर्वेनगर येथे सुरू होत आहे. आपल्या आगाऊ कराच्या कामात यामुळे खंड पडणार नाही. त्यासाठीची कागदपत्रे कृपया बुधवार, 10 जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर किंवा ईमेलने पाठवावीत. शनिवारी, 13 तारखेला कार्यालयाचा फोन बंद राहील. त्या दिवशी खालील मोबाइल क्रमांकावर बोलता येईल."

इथे "कळविण्यात येत आहे" अशी सरकारी थाटाची वाक्यरचना टाळावी. वर्षानुवर्षं आपले हिशेब विश्वासानं सोपवणाऱ्या माणसाला ती परकं करते. गैरसोयीबद्दल दिलगिरी जरूर असावी, पण शेवटी आणि एकाच वाक्यात. आधी उपाय सांगावा. स्थलांतराचं कारण, समजा जुन्या जागेचं वाढलेलं भाडं, इथे सांगायची गरज नाही.

संकेतस्थळावरची सूचना सर्वांत छोटी आणि तरी सर्वांत फसवी. ती कोण वाचेल आणि कधी वाचेल, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. "येत्या सोमवारपासून" हे शब्द ईमेलमध्ये चालून जातील, पण महिन्याभरानं सूचना उघडणाऱ्याला कुठला सोमवार ते कसं कळणार? तिथे पूर्ण तारीखच हवी:

"आमचे कार्यालय 15 जून 2026 पासून कर्वेनगर येथे आहे. वेळ: सोमवार ते शुक्रवार, सकाळी 10 ते सायंकाळी 6."

त्याखाली पूर्ण पत्ता, नकाशाचा दुवा आणि फोन. बस. हे टंकलेलं असावं, फोटो नसावा. फोटोतला पत्ता उचलून नकाशात सहज टाकता येत नाही आणि दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारी साधनंही तिथे बहुधा अडतात. शिवाय संपर्काच्या पानावरचा, तळपट्टीतला आणि नकाशावरच्या नोंदीतला जुना पत्ता त्याच दिवशी बदलावा, नाहीतर एकाच संकेतस्थळावर दोन पत्ते भांडत बसतात.

क्रमही पाळावा. आधी परिपत्रक आणि मग ईमेल, कारण ईमेल वाचून अशिलाचा फोन येईल तेव्हा उचलणाऱ्याला उत्तर माहीत असलं पाहिजे. सूचना ईमेलबरोबरच चढवावी. 15 जूनपर्यंत तिच्यात "14 जूनपर्यंत लक्ष्मी रोड" अशी एक ओळ जास्त ठेवावी.

आणि तारीख पुढे गेली तर? तिन्ही ठिकाणी त्याच दिवशी दुरुस्ती करावी. परिपत्रक नव्या क्रमांकानं निघावं आणि त्यात आधीचं रद्द झाल्याचं स्पष्ट लिहावं. ईमेलच्या विषयात "सुधारित तारीख" हे शब्द सर्वांत आधी यावेत. संकेतस्थळावर मात्र दुसरी सूचना न चढवता आहे तीच बदलावी, कारण तिथे येणाऱ्याला कालचा इतिहास नको, आजचा पत्ता हवा असतो.